सिंहाचा वाटा नेमका किती?

वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी आमच्या दिवंगत ग्रंथपालांवर मी लेख लिहिला. सुरुवात अशी होती: ‘काकांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. १९७४ साली ते वाचनालयात रुजू झाले. वाचनालयाच्या जडणघडणीत त्यांचा सिंहाचा वाटा होता, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.’ मनातल्या मनात वाचताना यात काही खटकलं नाही.

मग मोठ्याने वाचलं. डोळे ओळखीच्या शब्दांवरून घसरत जातात, जिभेला मात्र प्रत्येक अक्षर उच्चारावं लागतं. वाक्य लांबलं की दम लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. गुळगुळीत शब्दांची खूण नेमकी उलटी: तिथे तोंड सुसाट सुटतं. ‘सिंहाचा’ म्हणून थांबलं, तर समोरचा माणूस ‘वाटा’ म्हणून मोकळा होतो. असं जिथे होईल तिथे पेन्सिलीने अधोरेखा काढायची. वाचन मोडायचं नाही आणि दुरुस्तीही करायची नाही. नंतर प्रत्येक रेघेशेजारी समासात एकच प्रश्न लिहायचा: ‘म्हणजे काय?’

सगळ्याच रुळलेल्या शब्दांवर काट मारायची नसते. ‘रुजू झाले’ हेही ठरीव आहे, पण ते नेमकी गोष्ट सांगतं. ‘वावगे ठरणार नाही’ काढून टाकलं तर काहीच हरवत नाही. ते बहुधा धीर गोळा करण्यासाठी लिहिलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मसुदा खणात ठेवून कोऱ्या कागदावर तोच परिच्छेद हाताने लिहिला. समोर ठेवला असता, तर नुसती नक्कल झाली असती. हात सावकाश चालतो, त्यामुळे मोठमोठे शब्द लिहायचा त्याला कंटाळा येतो. पोकळी म्हणजे काय, याचं उत्तर कागदावर आलं: ‘काका गेल्यावर वाचनालय उघडलं, तेव्हा दिवाळी अंकांच्या कपाटाची किल्ली कुणालाच सापडेना. पुस्तक थकवणाऱ्याला ते दंड करत नसत. त्या पुस्तकासाठी कोण खोळंबलंय, त्याचं नाव सांगत. असं तीस वर्षं चाललं.’

आता दोन्ही कागद शेजारी ठेवले. नवा आवडतो म्हणून जुना फेकायचा मोह इथे होतो, आणि चूकही इथेच होते. हाताच्या मजकुरातून १९७४ गळालं होतं. शिवाय काका २०१० साली निवृत्त झाले, म्हणजे वर्षं छत्तीस. आठवणीने त्यांची तीस करून टाकली होती. म्हणून साल, आकडे आणि नावं मसुद्यातून पुन्हा उचलायची, तीही नोंदवहीशी ताडून.

‘सिंहाचा वाटा’ची जागा मात्र रिकामीच राहिली. समासातल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला जुन्या जमाखर्चाच्या वह्या काढाव्या लागल्या.