खरं सांगितल्यावर पुढे काय होतं?

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष हे सगळं आटोपलं की परिपाठात शिक्षकाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच मिनिटं उरतात. प्रामाणिकपणावर बोलायचं तर बहुधा लाकूडतोड्याची कुऱ्हाड किंवा ‘लांडगा आला रे’ ठरलेलं. रांगेतल्या मुलांना दोन्हींचा शेवट पाठ असतो.

सातवीच्या एका बाईंनी त्याऐवजी आदल्या दिवशीची गोष्ट सांगितली. “काल गणिताच्या घटक चाचणीचे पेपर दिले. वर्गातलं एक मूल मधल्या सुट्टीत माझ्याकडे आलं. ‘बाई, 20 पैकी 18 दिलेत, पण बेरीज 16 होते.’ मी मोजलं. पाच, चार, चार, तीन. चूक माझीच होती. मी 18 खोडून 16 केले. ‘लगेच का नाही आलास?’ असं विचारलं, तर म्हणाला, ‘दोन तास पेपर दप्तरात लपवला होता.’ मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस. आता बाकीचे पेपरही मी पुन्हा मोजणार आहे.”

बाईंनी नाव घेतलं नाही आणि गोष्ट सांगू का, हे त्या मुलाला आधी विचारलं होतं. नाव घेऊन टाळ्या वाजवल्या असत्या, तर सुट्टीत तो ‘बाईंचा लाडका’ म्हणून चिडवला गेला असता. दोन गुण बक्षीस म्हणूनही दिले नाहीत. दिले असते तर खरेपणाचा सौदा झाला असता. मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते दप्तरातले दोन तास. मोह सगळ्यांनाच होतो, हे मुलांना ठाऊक असतं. मोठी माणसं ते कबूल करत नाहीत.

2014 साली कॅनडातल्या संशोधकांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मागे न पाहता, नुसत्या आवाजावरून खेळणं ओळखायचं होतं. मोठं माणूस खोलीबाहेर गेलं की बरीच मुलं डोकावत. परत आल्यावर त्यांना गोष्ट वाचून दाखवली आणि मग विचारलं, पाहिलंस का? लांडग्याची आणि पिनोकियोची गोष्ट ऐकून खरं सांगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याची कबुली दिली आणि वडील खूश झाले, या गोष्टीने मात्र ते वाढलं. तिचा शेवट बदलून खोट्याची शिक्षा दाखवली, तेव्हा तो परिणाम गेला. मुलं लहान होती आणि प्रश्न लगेच विचारला होता, त्यामुळे सातवीवर हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी खोटं बोललं तर काय होईल यापेक्षा खरं बोलल्यावर काय झालं, हे सांगावं, एवढं त्यातून घेता येतं.

म्हणून अशा भाषणाची खरी परीक्षा परिपाठानंतर असते. त्याच आठवड्यात कुणी “काच माझ्याकडून फुटली” म्हणत आलं आणि बाई ओरडल्या, तर वर्ग तेच लक्षात ठेवतो. काच भरून द्यायला लावावी, जरूर. पण आधी “बरं झालं सांगितलंस” म्हणावं आणि मग पैशांचं बोलावं.