फोन जप्त न करता वेळ पाळायला लावणारा निरोप

कुहीतल्या एखाद्या आईने दहावीतल्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवावा असा हा निरोप:

"बेटा, शिकवणी साडेसातला सुटते, आठपर्यंत घरी यायचं. उशीर होणार असेल तर आठच्या आधी फोन कर. कुठे आहेस, सोबत कोण आहे, कशाने येणार, एवढंच सांग. अडकलास तर बाबा घ्यायला येतील, त्यावरून कोणी रागावणार नाही. न कळवता उशीर केलास तर दुसऱ्या दिवशीचं क्रिकेट बंद. रात्री साडेनऊला फोन समोरच्या खोलीत चार्जिंगला, माझाही. परीक्षा झाली की वेळ पुन्हा ठरवू. जेवायला थांबते. – आई"

'वेळेत ये' म्हटलं की ज्याची त्याची वेळ वेगळी. 'आठ' म्हटल्यावर वाद उरत नाही. या वेळेला कारणही हवं. कुही तालुक्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येतो. त्या बाजूच्या गावातून येणाऱ्या मुलाला अंधारातल्या रस्त्याची काळजी सांगितली की पटते.

शिक्षा म्हणून फोन काढून घेतला नाही, हे या निरोपातलं मुख्य. फोन गेला की उशीर कळवायचं साधनच जातं. शिवाय कळवलं की फोन जाणार, हे कळलेलं मूल पुढच्या वेळी कळवतच नाही. समजा, एसटी आली नाही आणि मुलाने सात पन्नासला फोन केला. तो साडेआठला पोहोचला तरी त्याने नियम पाळला, म्हणून क्रिकेट सुरूच. तोच न कळवता सव्वाआठला आला, तर क्रिकेट बंद. कळवण्याचे फोन रोजच येऊ लागले, तर शिकवणी खरंच कधी सुटते ते सरांना विचारावं. कदाचित आठची वेळच चुकलेली असेल.

रात्रीसाठी अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये Digital Wellbeing आहे. त्यात ॲपला रोजची मर्यादा लावता येते. ती संपली की ॲप बंद होतं आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा उघडतं. मात्र त्याच फोनवरून ही मर्यादा मुलालाही काढता येते. म्हणून खरा भरवसा समोरच्या खोलीतल्या चार्जरवर. पहाटेच्या गजरासाठी साधं घड्याळ द्यावं, म्हणजे फोन उशाशी ठेवायला सबब राहत नाही.

'माझाही' हा शब्द गाळू नये. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा नियम मुलांइतकाच मोठ्यांनाही होता. घरात आई साडेनऊनंतर रील बघत बसली, तर तिचा निरोप आठवडाभरही टिकत नाही.