एक साचा, दीडशे पत्रं

शाळेच्या वाचनालयासाठी मदत मागायची आहे. माजी विद्यार्थी दीडशे आणि मजकूर एकच. अशा वेळी पहिला गैरसमज असतो तो नावाबद्दल: वर नाव आलं की पत्र त्या माणसाचं झालं. पण नाव तर विजेच्या बिलावरही असतं. दोन पत्रांवरची नावं आपसांत बदलून पाहा. मजकुरात काहीच खटकलं नाही, तर ते परिपत्रकच आहे.

दुसरा गैरसमज जास्त नडतो: जागा सोडल्या की बाकीचं मेल मर्ज बघून घेईल. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूपच बदलतं. साच्यात `तुम्ही सध्या «गाव»मध्ये असता` असं लिहिलंत, तर ‘पुणेमध्ये’, ‘सातारामध्ये’ अशी पत्रं निघतात. हाताने लिहिणारा माणूस ‘पुण्यात’, ‘साताऱ्यात’, ‘कोल्हापुरात’ लिहितो. वाचणाऱ्याला साचा कळतो तो नेमका इथे. म्हणून तक्त्यात `«गाव»` फक्त पाकिटावरच्या पत्त्यासाठी ठेवायचं आणि शेजारी `«गावात»` असा वेगळा रकाना प्रत्ययासकट हाताने भरायचा.

तीच गत संबोधनाची. ‘प्रिय’ साच्यात आणि नाव तक्त्यात, असं करू नका. ‘आदरणीय सर’, ‘प्रिय ताई’, ‘अरे’ हे सगळं एका रकान्यात पूर्ण लिहा. वर्गमित्राला ‘तुम्ही’ गेलं की तो हसतो आणि पत्र बाजूला ठेवतो. बरं, ‘तू’ म्हटलं की क्रियापदाला लिंग येतं: ‘आला होतास’, ‘आली होतीस’. त्यामुळे ‘तुम्ही’चा एक आणि ‘तू’चे दोन, असे तीन साचे सरळ वेगळे केलेले बरे.

खरं काम करतो तो `«आठवण»` हा रकाना. त्यात शब्द नाही, अख्खं वाक्य हवं: ‘स्नेहसंमेलनात पडदा अडकला तेव्हा तुम्ही पेटी वाजवत दहा मिनिटं काढली होतीत.’ एका वाक्याला दोन मिनिटं धरली तरी दीडशेंचे पाच तास होतात. तेवढे द्यावेच लागतात. ज्यांच्याबद्दल काही आठवत नाही, त्यांचा रकाना कोरा सोडा. ‘शाळेच्या गोड आठवणी’ असलं काही भरू नका. मात्र साच्यातलं पुढचं वाक्य या आठवणीवर टेकलेलं नसावं. ‘म्हणूनच तुम्हाला लिहितोय’ असं ते सुरू झालं, तर कोऱ्या रकान्याचं पत्र लंगडतं.

जितकी जास्त माहिती तितकी जास्त जवळीक, हेही खरं नाही. मुलांची नावं, नव्या घराचा पत्ता असं सगळं पत्रात आलं की माणूस दचकतो. आठवण एकच पुरे, तीही तुमच्यासमोर घडलेली.

छापण्याआधी तीन पत्रं मात्र नक्की वाचा: कोऱ्या रकान्याचं एक, आणि एकाच तुकडीतल्या दोघांची दोन. ती दोघं संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आपापल्या पत्रांचे फोटो एकमेकांना पाठवणार आहेत.