मॅनेजरसाहेब, एक तास नव्यांसाठी

जिममध्ये नव्याने नाव घातलेल्या माणसाची अडचण बहुतेक वेळा वजनाची नसते, जागेची असते. हलकी डंबेल्स कुठे ठेवलेली असतात ते बघा. आमच्या जिममध्ये भिंतभर आरशासमोर एकच लांब रॅक आहे आणि अडीच किलोपासून तीस-पस्तीस किलोपर्यंतची सगळी डंबेल्स त्याच रॅकवर आहेत. संध्याकाळी सातला रॅकसमोर सराईत मंडळी दाटीने उभी असतात, कारण आरसा तिथेच आहे. ज्याला अडीच किलोचं डंबेल हवंय त्याला वीस किलो उचलणाऱ्यांच्या कोपरांमधून वाट काढत जावं लागतं, खालच्या कप्प्याशी वाकावं लागतं आणि तसंच परत यावं लागतं. त्याला कुणी काही बोलत नाही. तरी दोन-चारदा असं झालं की तो ट्रेडमिल गाठतो, कारण तिथे कुणाच्या मध्ये जावं लागत नाही. चालायला रस्ता फुकट आहे, हे त्याला महिन्याभरात लक्षात येतं आणि त्याचं येणं थांबतं.

आमच्या मॅनेजरना मी जे पत्र लिहिलं ते या माणसासाठी. काउंटरवर तोंडी बोलणं झालं होतं. ‘बघतो मॅडम’ असं उत्तरही मिळालं होतं आणि ते मनापासून होतं. पण काउंटरवरचा माणूस शिफ्टप्रमाणे बदलतो, निर्णय मालक घेतात आणि तोंडी मागणी मालकांपर्यंत पोचेपर्यंत ‘कुणीतरी गाणी कमी करा म्हणत होतं’ एवढीच उरते. कागदावर लिहिलेली मागणी जशीच्या तशी पुढे सरकवता येते. मात्र त्या कागदावर ‘वातावरण नवोदितांना अनुकूल करावं’ असं लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती वस्तू कुठून कुठे, हे लिहावं लागतं.

पत्राची सुरुवात मी वेळेपासून केली.

‘मंगळवार आणि गुरुवार, सकाळी ११ ते १२, हा तास नव्या सदस्यांसाठी ठेवावा, ही विनंती. या वेळी जिम जवळजवळ रिकामी असते, त्यामुळे कुणाची गैरसोय होणार नाही. दारावरच्या बोटाच्या ठशाच्या यंत्रात प्रत्येकाच्या येण्याची वेळ नोंदलेली असते. गेल्या तीन महिन्यांत नाव घातलेले सदस्य कोणत्या वेळी येतात, हे आपण त्यातून पाहू शकता. माझा अंदाज चुकला असेल तर वेळ त्यानुसार बदलावी.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. सकाळी अकराची वेळ गृहिणींना आणि निवृत्तांना जमते, नोकरदारांना जमत नाही. संध्याकाळी सात ते नऊ मागितली तर नकार ठरलेला, कारण जिमचा निम्मा धंदा त्या दोन तासांत असतो. म्हणून जी वेळ मिळण्यासारखी आहे ती आधी मागायची आणि आकडे ज्याच्याकडे आहेत त्याला ते बघायला लावायचं. आपल्याकडे बऱ्याच जिममध्ये दुपारची लेडीज बॅच असते, त्यामुळे ठरावीक वेळ ठरावीक लोकांसाठी राखणं मॅनेजरना नवं नाही. पण लेडीज बॅचने हा प्रश्न सुटत नाही. पन्नाशीत डॉक्टरांनी पाठवलेला पुरुष तितकाच बावरलेला असतो, आणि दहा वर्षं व्यायाम करणाऱ्या बाईला या तासाची गरज नसते.

‘शांत’ म्हणजे किती शांत, हेही लिहावं लागतं. मॅनेजरना वाटतं गाणी बंद करायची, आणि गाणी बंद केलेली जिम नव्या माणसालाही नकोशी होते, कारण मग त्याचा प्रत्येक धापेचा आवाज ऐकू येतो. याला एक साधी कसोटी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला गोंगाट साधारण ८५ डेसिबलच्या वर गेलेला असतो. नायॉश ही अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. व्यायामाचा तास तेवढाच असतो हे खरं, पण जिमचा ट्रेनर तिथे दिवसभर उभा असतो, हे मी पत्रात आवर्जून लिहिलं. नव्या माणसाचा प्रश्न मात्र कानांच्या आधी कळण्याचा आहे. ‘गुडघा आत वळू देऊ नका’ हे त्याला पहिल्या वेळी ऐकू आलं नाही, तर तो दुसऱ्यांदा विचारत नाही, मान डोलावतो. म्हणून मागणी अशी केली: ‘मशीनच्या भागावरचा स्पीकर त्या तासापुरता बंद ठेवावा, बाकीचे साध्या आवाजात बोलता येईल इतपत. जड रॉड जमिनीवर टाकण्याचे व्यायाम त्या तासात नसावेत. व्हिडिओ काढणं नसावं.’

याच तासात एक फ्लोअर ट्रेनर मोकळा असावा, ही मागणी सगळ्यांत नाजूक होती. जिमच्या मिळकतीत पर्सनल ट्रेनिंगचा वाटा मोठा असतो आणि ट्रेनरला त्यावर कमिशन असतं. शिकवायला मोकळा ट्रेनर दिला की त्या तासाचं रूपांतर पीटीचं पॅकेज विकण्याच्या तासात व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पत्रात स्पष्ट लिहिलं की त्या तासात पॅकेजचा विषय ट्रेनरने स्वतःहून काढू नये, सदस्याने विचारलं तर जरूर सांगावं.

मांडणीच्या भागात मोह आवरावा लागतो. नकाशा काढून अख्खी जिम हलवायला सांगितली तर काहीच हलत नाही. ट्रेडमिलला स्वतंत्र जाड पॉइंट लागतो, केबल क्रॉसचं मशीन बोल्टने जमिनीला पक्कं केलेलं असतं, आरसा भिंतीत असतो. या गोष्टी जिथे आहेत तिथेच राहणार. उरतं ते उचलून ठेवता येण्यासारखं सामान, आणि बहुतेक गोंधळ त्या सामानानेच केलेला असतो.

आमच्याकडे ट्रेडमिलच्या मागे पोटाच्या व्यायामाचं एक बेंच होतं, पट्ट्यापासून जेमतेम दोन फुटांवर. ट्रेडमिलच्या मागे साधारण दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट, आणि बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी असावी, हे सुरक्षिततेच्या नियमांत सांगितलेलं असतं. कारण पाय चुकला की माणूस मागे फेकला जातो. मागे मोकळी जमीन असेल तर तो पट्ट्यावरून खाली येतो. भिंत किंवा बेंच असेल तर तो त्यात आणि फिरत्या पट्ट्यात अडकतो, पट्टा चालूच राहतो आणि कातडी सोलते. पट्टा थांबवणारी लाल दोरीची क्लिप त्यासाठीच असते. कपड्याला लावलेली क्लिप ओढली गेली की मशीन बंद पडतं. आमच्याकडे ती एका ट्रेडमिलवर गाठ मारून कायमची खोचून ठेवलेली होती. ‘बेंच हलवावं, क्लिपची गाठ सोडावी आणि ती वापरावी असं ट्रेनरने सांगावं,’ एवढंच मी लिहिलं. याला पैसे लागत नाहीत.

दुसरी मागणी डंबेल्सची. अडीच ते साडेसात किलोपर्यंतच्या जोड्या मुख्य रॅकवरून काढून, एक छोटा रॅक मशीनच्या बाजूला, आरशापासून दूर ठेवावा. जागा लागते ती फक्त तीन-चार फूट. त्याचा फायदा सराईतांनाही आहे. त्यांच्या मुख्य रॅकसमोरची गर्दी कमी होते आणि त्यांच्या सेटच्या मध्ये कुणी येत नाही.

तिसरी मागणी पाट्यांची, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण दुखापतीचं कारण अनेकदा आकड्यात लपलेलं असतं. आमच्या जिममधली मशीन वेगवेगळ्या वेळी घेतलेली आहेत. लॅट पुलडाउनच्या प्लेटांवर किलो लिहिलंय, चेस्ट प्रेसवर पाउंड आणि जुन्या रोइंगवर नुसते १, २, ३. एका मशीनवर चाळीस जमलं म्हणून दुसऱ्यावर चाळीसला पिन घालणारा माणूस एकदा अठरा किलो उचलतो आणि एकदा चाळीस. केबलच्या मशीनमध्ये आणखी गुंता असतो. केबल हलत्या कप्पीतून फिरून आली असेल तर वीस किलोची प्लेट हाताला दहा किलोसारखी लागते. रिकामा रॉड म्हणजे शून्य, असं नव्यांना वाटतं. पण सात फुटी ऑलिम्पिक रॉड स्वतःच वीस किलोचा असतो. तिरक्या लेग प्रेसची पाटही रिकामी म्हणून हलकी नसते, तिचं वजन आधी ट्रेनरला विचारावं लागतं. बेंच प्रेसवर पहिल्याच दिवशी ‘दोन्हीकडे फक्त पाच-पाच’ लावणारा मुलगा दहा नव्हे, तीस किलो छातीवर घेतो.

म्हणून पत्रासोबत मी एका पाटीचा नमुना जोडला. छातीच्या मशीनसाठी तो असा होता: ‘चेस्ट प्रेस. छाती आणि दंडाचा मागचा भाग. सीट अशी लावा की मुठी छातीच्या मध्याच्या रेषेत येतील. आकडे पाउंडमध्ये आहेत. २० म्हणजे साधारण ९ किलो. पहिल्या वेळी सर्वांत हलक्या प्लेटवर १० वेळा. खांद्यात टोचलं तर थांबा, ट्रेनरला बोलवा.’ पाटी मराठीत, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट करून आणि मशीनवर बसल्यावर समोर दिसेल अशी. पाठीमागे चिकटवलेली चित्रं कुणी वाचत नाही, आणि नुसता कागद घामाने व पुसण्याच्या फवाऱ्याने आठवड्यात गळून पडतो.

मॅनेजरनी हे का करावं? सदस्य आला नाही तरी पैसे आलेलेच असतात. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या तीन जिमच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केलेला अभ्यास गाजलेला आहे. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात होते. त्यांना दर भेटीला १७ डॉलरहून जास्त पडत होते आणि तिथेच दर भेटीला १० डॉलर पडेल असा पास मिळत होता. न येणारा सदस्य जिमला परवडतो, असा याचा अर्थ लावता येतो. पण तिथला महिन्याचा करार आपोआप पुढे चालू राहत होता. आमच्याकडे वर्षाचे पैसे एकरकमी घेतात आणि वर्ष संपलं की काउंटरवरून फोन करून पुन्हा मागावे लागतात. मार्चपासून न आलेला माणूस पुढच्या जानेवारीत तो फोन उचलत नाही. हा हिशेब मी पत्रात दोन ओळींत मांडला, आणि वाचताना मॅनेजर तिथे थांबले असावेत असं मला वाटतं, कारण उत्तरात त्यांनी तोच मुद्दा आधी घेतला.

शेवटी एक मुदत सुचवली होती: चार आठवडे करून बघावं. त्यानंतर ठशाच्या यंत्रातून बघावं की नव्या सदस्यांपैकी किती जण त्या तासात पुन्हा आले. शिवाय त्या तासात जुनेजाणते किती येतात तेही मोजावं, कारण रिकामी जिम सगळ्यांनाच आवडते आणि तास हातचा जातो तो असाच.

बेंच दुसऱ्या दिवशी हललं. पाट्या चार मशीनवर लागल्या, बाकीच्या छापायला दिल्या आहेत. अकराचा तास गुरुवारपुरता सुरू झालाय. मंगळवारी त्या वेळी ट्रेनरची सुट्टी असते. छोट्या रॅकला मालकांनी नकार दिला आहे, पण हलकी डंबेल्स रॅकच्या दुसऱ्या टोकाला, पाणी प्यायच्या जागेजवळ आली आहेत. तिथे वाट अडते, म्हणून आता मी दुसरं पत्र लिहिते आहे. त्यात एकच मागणी असेल, आणि जागा दाखवणारी मोजमापं सोबत जोडलेली असतील.