मत बदललं की पिढी बदलली?

२०११च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९०८ होत्या. जिजाऊंचं सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथले हे आकडे जिव्हारी लागतात. २०१५मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’च्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बुलडाणा होता. तेव्हापासून मुलग्याची ओढ ओसरली का, हे कसं ओळखायचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारतात, की मूलबाळ नव्हतं त्या काळात परत जाता आलं, तर किती मुलं हवीशी वाटतील? त्यांत मुलगे किती, मुली किती? मुलींपेक्षा मुलगे जास्त हवेत म्हणणाऱ्या देशभरात २००५-०६ला सुमारे २२ टक्के होत्या, २०१९-२१ला १५ टक्के. मात्र दर फेरीत बायका वेगळ्या असतात.

आता काही काल्पनिक आकडे घेऊ. २००५ला पंचविशीतल्या २० टक्के आणि पस्तिशीतल्या ३० टक्के बायकांना मुलगे जास्त हवे होते. २०१५ला हेच आकडे १० आणि २० झाले. यातून एक अर्थ असा निघतो, की कुणीच मत बदललेलं नाही. २००५ला पंचविशीत असलेल्या बायका २०१५ला पस्तिशीत आल्या आणि तेव्हाही २० टक्क्यांवरच राहिल्या. फक्त मागून नव्या विचारांची पिढी आली. दुसरा अर्थ अगदी उलटा आहे. वय दहा वर्षांनी वाढलं की ओढ १० टक्केबिंदूंनी वाढते, पण त्याच दशकात काळाने सगळ्यांचीच ओढ तेवढी कमी केली. दोन्ही अर्थ त्याच चार आकड्यांत तंतोतंत बसतात.

कारण जन्मवर्ष म्हणजे सर्वेक्षणाचं वर्ष उणे वय. या तिन्हींपैकी दोन ठरली की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे सरळ रेषेत जाणारे बदल कितीही प्रगत गणिताने सुटे होत नाहीत. सुटतात ती वळणं. एकाच फेरीत सगळ्या वयोगटांचे आकडे एकदम खाली आले, तर तो काळाचा परिणाम मानता येतो. ठरावीक जन्मवर्षांपासून पुढचा घसरणीचा वेग बदलला आणि ते वळण दर फेरीत त्याच जन्मवर्षांच्या बायकांसोबत पुढे सरकलं, तर तो पिढीचा.

उरलेलं काम बाहेरच्या माहितीनेच होतं. दोन मुलगे झालेली बाई बहुधा ‘दोन मुलगेच हवे होते’ म्हणते; झालेल्या लेकरांना नकोशी कशी म्हणेल? मोठ्या वयात लेकरं जास्त, म्हणून हा वयाचा परिणाम दिसतो. तेव्हा दोन फेऱ्यांतल्या सारखेच मुलगे-मुली असलेल्या बायकांची तुलना करायची, म्हणजे त्यातला बराच भाग वजा होतो. योजनेचा गाजावाजा असताना उत्तर तोंडदेखलं बदलू शकतं, हा धोका मात्र उरतो. म्हणून बोलण्यासोबत जन्माची आकडेवारीही पाहावी लागते.

बुलडाण्यापुरतं बोलायचं तर अडचण आणखी आहे. या सर्वेक्षणाने जिल्हावार आकडे २०१५-१६पासूनच दिले. जिल्ह्यातल्या साधारण हजारभर बायका सात वयोगटांत वाटल्या, की एका गटात दीडशेच्या आसपास उरतात. तिथे आलेले २० टक्के प्रत्यक्षात १४ किंवा २६ही असू शकतात. दोन फेऱ्यांवरून पिढीचं वळण सांगायला हे पुरत नाही. त्यासाठी राज्याचे आकडे पाहायचे आणि जिल्ह्याच्या पुढच्या फेऱ्यांची वाट पाहायची.