‘माझी आतडी कुजली’ म्हणणाऱ्या माणसाला दोन औषधं का लागतात?

शांताबाईंचं नाव मी इथे बदललं आहे. वय ५४, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. पावसाळा संपता संपता त्यांनी कामं सोडली. पहाटे तीनला जाग यायची, मग भिंतीला टेकून बसून राहायच्या. सून माझ्याकडे आली नि म्हणाली, "सिस्टर, आई जेवत नाहीत. म्हणतात, पोटातली आतडी कुजलीत, खाल्लेलं जाणार कुठे?"

तोपर्यंत सोनोग्राफी झाली होती, त्यात काही निघालं नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या होत्या. शेजारच्या बाईने ‘बाहेरचं आहे’ म्हटलं, म्हणून एका भगताकडे अकराशे रुपयेही गेले होते.

मी त्यांच्याजवळ अर्धा तास बसले. आधी काहीच बोलेनात. "कशाची भीती वाटते का?" असं विचारल्यावर हळूच म्हणाल्या, "बारा वर्षांपूर्वी मालकिणीची वाटी घरी आणली होती. पोलीस मला न्यायला येणारेत. माझ्या पापाने हे घर बुडणार." ती वाटी दुसऱ्याच दिवशी परत दिली होती. सुनेने ते सांगितलं, तरी त्यांना पटेना.

उदासी आणि पक्की खोटी समजूत, या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्या आजाराला सायकोटिक डिप्रेशन म्हणतात. साध्या डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो, "माझ्या हातून चुका झाल्या, मी कुणाच्या कामाचा नाही." समजावलं तर थोडं तरी ऐकतो. इथे चुकीची समजूत इतकी घट्ट बसते की पुरावा दाखवूनही हलत नाही. ही समजूत बहुधा उदासीच्याच रंगाची असते: मी पापी आहे, मला शिक्षा होणार, घरात पैसा उरला नाही, माझं शरीर सडलं. काहींना शिव्या देणारा किंवा ‘मर’ म्हणणारा आवाजही ऐकू येतो.

हा आजार सुटून जातो, कारण रुग्ण आतलं सांगत नाही. त्याच्या लेखी ते खरंच असतं आणि लाजिरवाणंही असतं. म्हणून घरच्यांनी सरळ विचारावं: कुणी त्रास देईल असं वाटतं का? आवाज ऐकू येतात का? जगू नये असं वाटतं का? उत्तर ऐकून वाद घालू नये आणि ‘हो, खरंय’ असंही म्हणू नये. "तुम्हाला फार भीती वाटतेय, आपण डॉक्टरांना सांगू," एवढं पुरे. ‘मर’ म्हणणारा आवाज किंवा मरायचा विचार कळला, तर माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक, पूर्वी कधी झोप न घेता खूप बोलणं, खूप खर्च करणं, भलताच उत्साह, असं झालं होतं का? तसं असेल तर उपचार वेगळे होतात. दुसरी, हा बदल दोन-तीन दिवसांत अचानक आला का, ताप किंवा नवीन औषध होतं का? तेव्हा आधी शरीराचा आजार शोधावा लागतो.

आता औषधं. केवळ उदासीची गोळी दिली तर या आजारात ती अनेकदा अपुरी पडते. म्हणून तिच्यासोबत भ्रम कमी करणारी, म्हणजे अँटिसायकोटिक, गोळी देतात. अमेरिका आणि कॅनडामध्ये २५९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्ट्रालिन आणि ओलान्झापिन या दोन्ही गोळ्या मिळालेल्या शंभरातल्या ४२ जणांचा आजार बारा आठवड्यांत ओसरला. ओलान्झापिनसोबत नुसती औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण २४ होतं. फरक मोठा आहे, पण दोन गोळ्या घेऊनही निम्म्याहून जास्त माणसं बारा आठवड्यांत पूर्ण बरी झाली नव्हती, हेही लक्षात ठेवा.

डोस लहान सुरू होतो आणि डॉक्टर हळूहळू वाढवतात. शांताबाईंना सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम आणि ओलान्झापिन ५ मिलिग्रॅमने सुरुवात झाली. झोप आणि घाबरेपणा आधी सुधारतो, मन उजळायला आठवडे लागतात. ओलान्झापिनने भूक, वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून सुरुवातीला वजन आणि साखर मोजून घ्यावी आणि पुढेही तपासत राहावी.

पण शांताबाईंच्या हाताशी तेवढे आठवडे नव्हते. सहाव्या दिवशी त्यांनी पाणीही सोडलं. जीभ कोरडी, लघवी दिवसातून एकदाच. दवाखान्यात भरती करून सलाईन लावलं आणि मानसोपचारतज्ज्ञांनी ईसीटी, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात ते, सुचवलं. मुलगा घाबरला: "सिस्टर, सिनेमात दाखवतात तसं आईला बांधून करंट देणार?"

तसं नसतं. सहा-आठ तास उपाशी ठेवून भूल देतात, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात, ऑक्सिजन चालू असतो. मग डोक्याला काही सेकंद वीज देतात. मेंदूत मिनिटभराच्या आत फिट येऊन जाते, शरीर जेमतेम हलतं. रुग्णाला दुखत नाही. जाग आल्यावर डोकं दुखतं, थोडा वेळ गोंधळ असतो. त्या दिवसांतल्या काही आठवणी पुसल्या जातात, क्वचित जुन्याही. हे आधी सांगितलं जायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी द्यायला मनाई आहे. तातडीचं कारण पुढे करून संमतीशिवायही ते देता येत नाही. रुग्णाला ठरवणं शक्य नसेल तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी मदत करतो. कागदावर सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगा.

ईसीटी आधी केव्हा निवडतात? माणूस खात-पीत नसेल, जीव देण्याचा धोका अगदी जवळ असेल, किंवा तो दगडासारखा बोलेना-हलेना झाला असेल, तेव्हा. दोन्ही गोळ्या पुरेशा डोसमध्ये पुरेसे आठवडे देऊन फरक पडला नाही, त्या सोसत नाहीत, किंवा आधीच्या वेळी ईसीटीनेच बरं वाटलं होतं, तेव्हाही. या आजारात ते फार गुणकारी आहे आणि गोळ्यांपेक्षा लवकर काम करतं. मात्र माणूस खातो-पितो आहे, आत्महत्येचा विचार नाही आणि औषधांना वाट पाहता येते, तिथे दोन गोळ्यांनी सुरुवात करणं योग्य आहे.

शांताबाईंना आठवड्यातून तीनदा, एकूण आठ वेळा ईसीटी दिलं. तिसऱ्यानंतर त्यांनी भाकरी मागितली. सहाव्यानंतर सुनेला म्हणाल्या, "आतडी कुजली असं मी म्हणत होते? मला काही पटत नाही आता." मात्र त्याच महिन्यात झालेलं भाचीचं लग्न त्यांना आज आठवत नाही.

इथेच बरेच लोक फसतात. बरं वाटलं की घरचे गोळ्या बंद करतात. नंतर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, दोन्ही गोळ्यांनी बऱ्या झालेल्यांपैकी काहींची ओलान्झापिन हळूहळू काढली. ३६ आठवड्यांत त्या गटात शंभरातल्या ५५ जणांचा आजार उलटला. दोन्ही गोळ्या सुरू ठेवलेल्यांत तो २० जणांचाच उलटला. ईसीटीने बरं झालेल्यांनाही पुढे औषध लागतंच. नाहीतर आजार परत येतो.

शांताबाईंचं वजन चार किलो वाढलं. त्या म्हणाल्या, "गोळी सोडते." मी डॉक्टरांकडे पाठवलं. काही महिन्यांनी त्यांनीच डोस कमी केला, तोही टप्प्याटप्प्याने.

तुमच्या घरात कुणी असं बोलू लागलं तर जवळच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. रात्री-अपरात्री टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लागतो. आणि तो माणूस पाणी पीत नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.