राणीगंजातल्या बीजकांची वीस वर्षे

सिकंदराबादेच्या राणीगंजात पंप, व्हॉल्व्ह आणि यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या पेढ्यांची हिशेबाची दफ्तरे ज्यांनी 2005 सालापासून पाहिली आहेत, त्यांना त्या वर्षीच्या 1 एप्रिलची अजून आठवण असेल. कारण त्या दिवशी आंध्र प्रदेशात मूल्यवर्धित कराचा कायदा अमलात आला, आणि ग्राहकाच्या हाती पडणारे बिल, जे तोवर मालाच्या किमतीची केवळ पावती होते, ते खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट मिळवून देणारा दस्तऐवज झाले. निजामी अमदानीतील करोडगिरीच्या नाक्यांपासून 1957 च्या विक्रीकर कायद्यापर्यंत या शहरातल्या व्यापाऱ्याने सरकारला नाना रूपांनी महसूल दिला होता. परंतु एकाच्या कागदावर दुसऱ्याचा हक्क अवलंबून असावा, ही व्यवस्था त्याला सर्वस्वी नवी होती.

त्या काळी बीजक छापील पुस्तकात कार्बन घालून लिहिले जाई. ज्यांच्याकडे संगणक आला होता ते टॅलीसारख्या प्रणालीत नोंद करून डॉट मॅट्रिक्स यंत्रावर तीन प्रती काढीत, मालक त्यांवर सही करी आणि शिक्का मारी. या पद्धतीचे दोष अनेक होते. तथापि एक गुण निर्विवाद होता. एकदा लिहिलेले बीजक बदलत नसे. खाडाखोड झाली तर ती तिन्ही प्रतींवर दिसे, आणि पानाचा छापील क्रमांक गहाळ झाला तर तपासनीसाला तो गहाळ असल्याचे कळे. पुढील वीस वर्षांत हा गुण टप्प्याटप्प्याने कागदावरून कोठे सरकत गेला, हे पाहणे माझ्या मते या सगळ्या कालखंडाचे सर्वांत मनोरंजक अंग आहे.

पहिला मोठा हादरा सॉफ्टवेअरने दिला नाही, राज्याच्या सीमेने दिला. 2 जून 2014 रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले, हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या नोंदणी क्रमांकाच्या प्रारंभीचे 28 जाऊन 36 आले, आणि आदल्या दिवशीपर्यंत विजयवाड्याचा जो ग्राहक घरचा होता तो एका रात्रीत परराज्यातला झाला. त्याच्या बिलावर राज्याच्या कराऐवजी केंद्रीय विक्रीकर लागू लागला. आता प्रणालीतील ग्राहकांच्या यादीत राज्याचा रकाना होताच, परंतु वर्षानुवर्षे कोणी तो भरलेला नव्हता. कारण पत्त्यात ‘विजयवाडा’ लिहिले की माणसाला पुरत असे, यंत्राला ते पुरत नाही याची जाणीव तेव्हा प्रथम झाली. तीन वर्षांनी, 1 जुलै 2017 रोजी, वस्तू व सेवा कर आला तेव्हा त्याच रकान्यावर सगळ्या कराची इमारत उभी राहिली. माल राज्यातल्या राज्यात विकला तर कर दोन भागांत विभागायचा, अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. परराज्यात विकला तर एकच एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी, लावायचा. आणि यांपैकी काय करायचे ते पुरवठ्याच्या स्थानावरून ठरवायचे, असा हा नियम आहे.

नियम सांगायला सोपा आहे; पण हैदराबाद आणि मराठवाडा यांच्यामधला व्यवहार ज्या वळणांनी चालतो त्याला तो लावू गेले की त्यातली खोच दिसते. उदाहरणादाखल एक सौदा घेऊ. नांदेडचा एक नोंदणीकृत व्यापारी राणीगंजातून 40,000 रुपये दराचे दोन सबमर्सिबल पंप घेतो आणि सांगतो, “शेठजी, बिल आमच्या नावावर करा, पण माल नांदेडला पाठवू नका, निजामाबादला आमचं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडेच उतरवा.” पंप निघतात तेलंगणातून आणि उतरतातही तेलंगणातच. बिल करणारा मुलगा डिलिव्हरीच्या पत्त्यात निजामाबाद लिहितो, आणि काही प्रणाली त्या पत्त्यावरूनच स्थान गृहीत धरून कर दोन भागांत विभागून मोकळ्या होतात. कायदा मात्र वेगळे सांगतो. एकात्मिक कराच्या अधिनियमातील दहाव्या कलमाप्रमाणे, तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल भलत्याच्या दारी उतरवला, तर तो माल त्या सांगणाऱ्याला मिळाला असे मानले जाते आणि त्याच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण हेच पुरवठ्याचे स्थान ठरते. म्हणून या बीजकावर पुरवठ्याचे स्थान 27, अर्थात महाराष्ट्र, असे पडावयास हवे.

आता आकडे पाहू. दोन पंपांचे 80,000 रुपये; बिलातच दाखवलेली पाच टक्के सूट वजा जाता करपात्र मूल्य 76,000 रुपये; अशा पंपांवर 18 जुलै 2022 पासून 12 ऐवजी 18 टक्के दर आहे, म्हणून आयजीएसटी 13,680 रुपये आणि एकूण रक्कम 89,680 रुपये. चुकीच्या बीजकावर याच्या जागी केंद्राचे 6,840 आणि राज्याचे 6,840 असे दोन आकडे येतात; एकूण रक्कम मात्र तीच, 89,680. या चुकीची सारी कपटी बाजू येथे आहे. बेरीज जुळते, अक्षरी रक्कम जुळते, ग्राहक तेवढेच पैसे पाठवतो, बँकेचा ताळा बसतो, आणि दोन्ही बाजूंच्या कोणालाही काही बिघडल्याची शंकासुद्धा येत नाही; वास्तविक नांदेडच्या व्यापाऱ्याची 13,680 रुपयांची वजावट त्या क्षणी बुडालेली असते, कारण तेलंगणात झाला असे दाखवलेल्या पुरवठ्याचा कर महाराष्ट्रातील नोंदणीवर वजा घेता येत नाही. हाताने बिल लिहिणारा जुना कारकून आकडेमोडीत चुके, आणि आकडेमोडीतली चूक पुन्हा बेरीज केली की सापडे. प्रणाली आकडेमोडीत चुकत नाही, म्हणून तिच्याकडून झालेली चूक बेरजेने शोधता येत नाही. टॅलीप्राइमसारख्या प्रणालीत खरेदीदार, माल उतरवून घेणारा आणि पुरवठ्याचे स्थान असे तीन रकाने वेगवेगळे आहेत ते याचसाठी. आणि नोंद जतन करण्यापूर्वी तिसरा रकाना डोळ्यांनी वाचण्याचे काम अद्याप कोणत्याही यंत्राने माणसाकडून काढून घेतलेले नाही.

बीजक पाठवण्याच्या रीतीतही याच काळात क्रांती झाली. अडोबीने 1993 साली निर्माण केलेले पीडीएफ 2008 साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले होते खरे, पण राणीगंजात त्याला प्रतिष्ठा मिळाली ती बरीच नंतर, हातोहाती स्मार्टफोन आले तेव्हा. मालासाठी तीन प्रती काढाव्यात, त्यांतील मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची आणि तिसरी स्वतःची, हा नियम आजही आहे. परंतु 2018 सालच्या अखेरीस नियमांत दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक रीतीने दिलेल्या बीजकावर सहीची आवश्यकता राहिली नाही, आणि Ctrl+P दाबून छापण्याऐवजी Ctrl+E दाबून पीडीएफ काढावे व ते व्हॉट्सअॅपने धाडावे, अशी वहिवाट पडली. येथे एक क्षुल्लक वाटणारी अडचण सांगण्याजोगी आहे. बीजकाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत बसावा, त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच असावे, असे बंधन आहे, आणि आमच्या व्यापाऱ्यांना तिरकी रेघ फार प्रिय: RG/25-26/0417. ही रेघ विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालत नाही. मग ज्या पेढ्यांत बीजकाच्या क्रमांकावरून फाइलला नाव देण्याची सोय लावलेली नाही, तेथे प्रत्येक पीडीएफ एकाच नावाने निघते, नवी जुनीवर चढते, आणि एखाद्या गडबडीच्या संध्याकाळी निजामाबादचे बीजक करीमनगरच्या ग्राहकाला जाते. क्रमांकात केवळ आडवी रेघ वापरून RG-25-26-0417 असे लिहिले आणि फाइलला तेच नाव दिले तर हा उपद्रव मुळातच राहत नाही.

याहून खोल असा एक भेद आहे. कार्बनची प्रत ही त्या दिवशीची साक्ष होती. पीडीएफ ही नोंदीवरून दर वेळी नव्याने रेखाटलेली आकृती आहे. पेढीने जागा बदलली आणि दोन वर्षांपूर्वीचे बीजक आज पुन्हा काढले, तर कित्येक प्रणालींत त्यावर आजचा पत्ता आणि आजचे बँक खाते छापून येते. जुलै 2022 मध्ये दर बदलला तेव्हा नवा दर कोणत्या तारखेपासून लागू ते न लिहिता ज्यांनी मालाच्या नोंदीतला जुना आकडा खोडूनच टाकला, त्यांच्याकडे जुनी बिले दुरुस्तीसाठी उघडताच नव्या दराने मांडली जाण्याचा धोका उभा राहिला. म्हणून ग्राहकाला धाडलेली तीच फाइल वर्षवार जपून ठेवावी, पुन्हा काढता येईल या भरवशावर राहू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे; कायद्यानेही वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने दफ्तर राखण्याचे बंधन घातलेले आहे.

बदलता येणाऱ्या या कागदाला स्थैर्य देण्याची जबाबदारी अखेर सरकारने स्वतःकडे घेतली. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना, आणि मर्यादा उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरील व्यापाऱ्यांना, नोंदणीकृत ग्राहकाचे प्रत्येक बीजक आधी सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. तेथून 64 अक्षरांचा आयआरएन आणि स्वाक्षरीयुक्त क्यूआर कोड परत येतो, त्यांच्यावाचून बीजकाला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व नाही. नोंदवलेले बीजक त्या पोर्टलवर दुरुस्त करता येत नाही. 24 तासांच्या आत रद्द करता येते, आणि रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. तथापि या कोडवर अवाजवी विश्वास टाकणाऱ्यांनी त्यात काय असते ते पाहावे: दोन्ही पक्षांचे नोंदणी क्रमांक, बीजकाचा क्रमांक व तारीख, एकूण रक्कम, मालाच्या बाबींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन आणि तो आयआरएन. कराची फोड त्यात नसते. आमच्या निजामाबादच्या पंपांचे चुकीचे बीजक, स्थानाच्या रकान्यात 36 लिहून, पोर्टलवर बिनदिक्कत नोंदले गेले असते आणि कोड तपासणाऱ्याला 89,680 हा बरोबर आकडा दिसला असता.

ही चूक उघडकीस येते ती पुढल्या महिन्याच्या 14 तारखेच्या सुमारास, जेव्हा नांदेडच्या व्यापाऱ्याचे GSTR-2B विवरण तयार होते. 1 जानेवारी 2022 पासून वजावटीचा हक्क विक्रेत्याने कळवलेल्या आणि या विवरणात उतरलेल्या तपशिलावर बांधलेला आहे. आणि विक्रेत्याचे राज्य व पुरवठ्याचे स्थान एकच असून खरेदीदाराचे राज्य निराळे असेल, तर ते बीजक ‘वजावट अनुपलब्ध’ या भागात जाऊन पडते. मग फोन येतो. तोवर 24 तास केव्हाच उलटलेले असतात, म्हणून राणीगंजाला त्या बीजकावर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढावी लागते, स्थान 27 धरून नव्या क्रमांकाचे बीजक द्यावे लागते. आणि दोन भागांचा कर सरकारजमा होऊन गेला असेल व क्रेडिट नोटेने त्याचे समायोजन केलेले नसेल, तर आयजीएसटी भरून तो जुना कर परताव्याने मागावा लागतो. 77 व्या कलमाखाली हा परतावा मिळतो, आणि उशिरा भरलेल्या आयजीएसटीवर अशा प्रसंगी व्याज लागत नाही. फक्त परतावा येईपर्यंत पेढीचे 13,680 रुपये अडकून पडतात. नांदेडच्या व्यापाऱ्याला मात्र जुनी पीडीएफ फोनमधून काढून टाकायला आवर्जून सांगावे लागते, नाहीतर वर्षअखेरीला त्याचा हिशेबनीस दोन्ही फाइली खतावतो आणि एप्रिल महिन्यात दोन पंपांच्या जागी चार पंपांचे देणे कोठून निघाले याचा शोध दोन्ही गावी सुरू होतो.